कीनोटची स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये का विस्कटते?

सभागृहात पडद्यावर पहिली स्लाइड येते आणि शीर्षकाची दुसरी ओळ चित्रावर चढलेली असते. नकाशा हळूहळू मोठा व्हायचा असतो, तो एका झटक्यात बदलतो. मुद्दे एकेक करून यायचे असतात, ते सगळे एकदम हजर होतात. मॅकवर कीनोटमध्ये बनवलेलं सादरीकरण विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये उघडलं की असे प्रकार घडतात. वक्ता ऐनवेळी गोंधळतो आणि प्रेक्षकांना वाटतं की तयारीच कच्ची आहे. खरं तर या बिघाडांची कारणं ठरलेली आहेत, आणि ती समजली की बहुतेक बिघाड आधीच टाळता येतात.

मूळ कारण असं, की सादरीकरणाच्या फाइलमध्ये स्लाइडची चित्रं नसतात, सूचना असतात. 'या जागी, एवढ्या रुंदीच्या चौकटीत, या नावाच्या फॉन्टमध्ये, या मापात हा मजकूर मांड. क्लिक झाल्यावर तो डावीकडून उघड' अशा प्रकारच्या त्या सूचना. नाटकाची संहिता एकच असली तरी प्रत्येक नाट्यसंस्था ती आपल्याकडच्या नटांनिशी आणि नेपथ्यानिशी उभी करते, तसंच इथे होतं. कीनोट मॅककडचे फॉन्ट आणि स्वतःचे परिणाम वापरून स्लाइड उभी करतं. पॉवरपॉइंट तीच सूचना विंडोजकडच्या सामग्रीतून वाचतं. जी वस्तू तिथे नाही, तिच्या जागी जवळची दुसरी येते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. या दोघांपैकी फक्त कीनोटलाच दोन्ही भाषा येतात. ते `.pptx` उघडतं आणि `.pptx` तयारही करतं. पॉवरपॉइंट मात्र `.key` फाइल उघडत नाही. त्यामुळे कोणत्याही दिशेचं रूपांतर कीनोटमध्येच होतं. हातात मॅक नसेल, तर ब्राउझरमध्ये आयक्लाउडवरचं कीनोट उघडून तिथे फाइल चढवता येते आणि पॉवरपॉइंटच्या रूपात उतरवता येते.

एक उदाहरण घेऊ. समजा, भूगोलाच्या एका शिक्षिकेने कोयना नदीवर अठरा स्लाइडचं सादरीकरण मॅकवर कीनोटमध्ये तयार केलं आहे. त्यात शीर्षक आहे, महाराष्ट्राच्या नकाशावरून कोयनेच्या खोऱ्यात उतरणारं एक दृश्य आहे, नदीचा मार्ग रेघेने उमटत जाणारी एक स्लाइड आहे, मुद्द्यांच्या काही स्लाइड आहेत आणि ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाविषयीचा एक छोटा व्हिडिओ आहे. व्याख्यान एका महाविद्यालयात आहे आणि तिथला संगणक विंडोजचा आहे. ही फाइल टप्प्याटप्प्याने तिकडे नेऊ.

आधी माप

कीनोटची रुंद स्लाइड १९२० बाय १०८० पॉइंटांची असते. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणजे ही स्लाइड साधारण २६.६७ इंच रुंद आणि १५ इंच उंच झाली. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंच असते, म्हणजे बरोबर निम्मी. दोन्हींचं प्रमाण १६:९ असल्याने पडद्यावर फरक दिसत नाही आणि रूपांतरित फाइल तशीच दाखवली तर काही बिघडतही नाही.

बिघडतं ते दोन फाइली एकत्र करताना. शिक्षिकेने आपल्या फाइलमधली मजकुराची चौकट उचलून महाविद्यालयाने दिलेल्या साच्यात चिकटवली, तर ती दुप्पट मोठी दिसेल. कीनोटमधलं ५६ पॉइंटांचं अक्षर तिच्या स्लाइडवर जेवढं वाटत होतं, तेवढं पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या स्लाइडवर २८ पॉइंटांतच भरतं. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या साच्यात मजकूर घालायचा असेल, तर तो साचाच आधी कीनोटमध्ये उघडावा आणि त्यातच स्लाइड बनवाव्यात. मग माप सुरुवातीपासून पॉवरपॉइंटचंच राहतं.

खरी मोडतोड प्रमाण बदललं की होते. सभागृहातला प्रोजेक्टर जुना, ४:३ प्रमाणाचा असेल आणि शेवटच्या दिवशी १६:९ची स्लाइड त्यात बसवायला गेलं, तर प्रत्येक चौकट सरकते. प्रोजेक्टरचं प्रमाण काय आहे हे आयोजकांना पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्यावं.

फॉन्ट: सर्वाधिक बिघाड इथून

कीनोट पॉवरपॉइंटची फाइल तयार करतं, तेव्हा तिच्यात फॉन्टचं नाव लिहितं, फॉन्ट घालत नाही. मॅकवरचा Kohinoor Devanagari विंडोजमध्ये नसतो. पॉवरपॉइंटला ते नाव सापडत नाही आणि ते बदली फॉन्ट लावतं, बहुधा Nirmala UI किंवा Mangal. अक्षरं वाचता येतात, पण त्यांची रुंदी वेगळी असते आणि ओळींमधलं अंतरही वेगळं असतं. देवनागरीत हा फरक जास्त जाणवतो, कारण वेलांट्या, मात्रा आणि रफार यांच्यासाठी प्रत्येक फॉन्ट डोक्यावर वेगवेगळी जागा राखून ठेवतो. सहा ओळींचा मजकूर मॅकवर चौकटीत नीट मावला असेल, तर विंडोजमध्ये त्याची सहावी ओळ खाली निसटू शकते. शीर्षकाच्या एका ओळीच्या दोन होतात आणि ते चित्रावर चढतं.

उपाय म्हणजे दोन्हीकडे बसवता येईल असा एकच फॉन्ट पहिल्यापासून वापरणं. Mukta किंवा Noto Sans Devanagari हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, म्हणजे ते मॅकवरही बसवता येतात आणि विंडोजवरही, विनामूल्य. Mukta मुंबईच्या एक टाइपने घडवलेला आहे. यात एक बारकावा आहे. अशा फॉन्टमध्ये अनेक जाड्या असतात आणि कीनोट त्या सगळ्या एकाच नावाखाली दाखवतं. विंडोजमध्ये मात्र एका नावाखाली साधी आणि ठळक एवढीच जोडी धरली जाते, आणि मधल्या जाड्या वेगळ्या नावांचे फॉन्ट म्हणून उभ्या राहतात. त्यामुळे Medium किंवा Light वापरलेली ओळ रूपांतरात साधी किंवा उगाच ठळक होऊ शकते. सादरीकरणात Regular आणि Bold या दोनच जाड्या ठेवल्या, तर ही अडचण उरत नाही. Noto Sans Devanagari उतरवून घेतल्यावर त्यात एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या असलेला प्रकारही मिळतो. तो न घेता `static` नावाच्या फोल्डरमधल्या सुट्या फाइली बसवाव्यात. पॉवरपॉइंटला त्या अधिक मानवतात.

आपल्या शिक्षिकेने स्लाइड आधीच Kohinoor Devanagari मध्ये केल्या आहेत. कीनोटमध्ये `Format > Font > Replace Fonts` इथून सगळ्या सादरीकरणातला फॉन्ट एकदम Mukta करता येतो. ही अदलाबदल रूपांतराच्या आधी कीनोटमध्येच करावी, म्हणजे कुठे ओळ तुटते ते मॅकवरच दिसतं आणि तिथेच चौकट रुंद करता येते. चौकट मजकुराच्या मापाला अगदी घट्ट न ठेवता शेवटी साधारण एका ओळीची मोकळी जागा सोडावी. मजकूर आपोआप लहान करून चौकटीत बसवण्याची सोय दोन्ही प्रोग्रॅममध्ये आहे, पण दोघांचं गणित वेगळं. ती सोय बंद करून अक्षराचं माप स्वतः ठरवलेलं बरं.

महाविद्यालयाच्या संगणकावर Mukta बसवायची परवानगी मिळेलच असं नाही. त्यासाठी पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट फाइलीतच घालून देण्याची सोय आहे. फॉन्ट बसवलेल्या एखाद्या विंडोज संगणकावर रूपांतरित फाइल उघडायची, `File > Options > Save` मध्ये जाऊन `Embed fonts in the file` वर खूण करायची, खालच्या पर्यायांपैकी सगळी अक्षरं घालणारा पर्याय निवडायचा आणि फाइल जतन करायची. सगळी अक्षरं घातली नाहीत, तर त्या संगणकावर ऐनवेळी मजकुरात दुरुस्ती करताना अडचण येते.

इथे एक फसवी तपासणी टाळायला हवी. मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल उघडून सगळं ठीक दिसलं, तरी फॉन्टची खात्री होत नाही, कारण मॅकचे फॉन्ट तिथे हाताशीच असतात. खरी परीक्षा विंडोजवर, तीसुद्धा आपले फॉन्ट नसलेल्या संगणकावर.

मराठीतल्या जुन्या फाइलींसाठी एक वेगळीच सूचना आहे. अनेक कार्यालयांतली आणि शाळांतली जुनी सादरीकरणं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांत फाइलीच्या आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट बदलला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी उरते. ओळखायची रीत सोपी आहे. स्लाइडवरची एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवायची. ती मराठीत दिसली तर मजकूर युनिकोड आहे. निरर्थक अक्षरं दिसली, तर आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. त्याआधी फॉन्ट बदलण्यात अर्थ नाही.

हालचाल: काय टिकतं, काय नाही

कीनोटमध्ये वस्तू आणण्याचे आणि घालवण्याचे अनेक परिणाम आहेत. ठिणग्या उडवणारा, ज्वाळा दाखवणारा, कागदाच्या कपट्यांसारखा उधळणारा असे काही तर फक्त कीनोटमध्येच आहेत. पॉवरपॉइंटकडे त्यांना जोड नसल्यामुळे रूपांतरात त्यांच्या जागी एखादा साधा परिणाम येतो किंवा काहीच येत नाही. एकदम दिसणं, हळूहळू उमटणं, एका बाजूने उघडणं, बाहेरून सरकत येणं हे साधे परिणाम मात्र दोन्हीकडे आहेत. क्लिकवर, मागच्या हालचालीसोबत किंवा तिच्यानंतर, असे सुरुवातीचे तीन प्रकारही दोन्हीकडे सारखेच आहेत. मुद्द्यांच्या स्लाइडवर हे साधे परिणाम ठेवले, तर क्रम सहसा टिकतो.

तो टिकला की नाही हे डोळ्यांनी पटकन कळत नाही, म्हणून क्लिक मोजावेत. रूपांतराआधी कीनोटमध्ये सादरीकरण चालवून प्रत्येक स्लाइडला किती क्लिक लागतात ते कागदावर लिहायचं. मग पॉवरपॉइंटमध्ये तेच करायचं. बाराव्या स्लाइडला कीनोटमध्ये पाच क्लिक लागले आणि पॉवरपॉइंटमध्ये एकच, तर मुद्दे एकेक करून येण्याची सूचना हरवली आहे. तिथे मजकुराची चौकट निवडून `Animations > Effect Options > By Paragraph` निवडलं की मुद्दे पुन्हा सुटे होतात.

आता आपल्या सादरीकरणातल्या दोन अवघड जागा.

पहिली, नदीचा मार्ग. कीनोटमध्ये रेघ तिच्या वळणाबरोबर आखली जात असल्याचा परिणाम देता येतो. शिक्षिकेने तोच वापरला आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पॉवरपॉइंटमध्ये वळणाबरोबर आखत जाणारा तसा परिणाम नाही. पण एका बाजूने उघडणारा `Wipe` आहे, आणि नदीचा आकार इथे मदतीला येतो. कीनोटमध्येच ती रेघ दोन तुकड्यांत करायची: महाबळेश्वर ते हेळवाक आणि हेळवाक ते कऱ्हाड. पहिल्या तुकड्याला वरून खाली उघडणारा `Wipe`, दुसऱ्याला डावीकडून उजवीकडे उघडणारा, आणि दुसरा पहिल्यानंतर आपोआप सुरू होणारा. बघणाऱ्याला नदी दक्षिणेकडे येऊन पूर्वेला वळताना दिसते. हा परिणाम दोन्ही प्रोग्रॅमना कळतो, म्हणून तो रूपांतरातही टिकण्याची शक्यता जास्त. दिशा बदलली असेल, तर पॉवरपॉइंटमध्ये ती दोन क्लिकमध्ये नीट होते.

दुसरी जागा नकाशाची. महाराष्ट्राच्या नकाशावरून खोऱ्यात उतरण्यासाठी कीनोटमध्ये `Magic Move` वापरला आहे. पहिल्या स्लाइडची प्रत काढायची, प्रतीत नकाशा मोठा करून सरकवायचा, आणि मधला प्रवास कीनोट स्वतः घडवतं. पॉवरपॉइंटमध्ये याच तत्त्वावर चालणारा परिणाम २०१५ साली आला. त्याचं नाव `Morph`. रूपांतरात प्रवासाची सूचना टिकेल यावर विसंबू नये, पण सुरुवातीची स्लाइड आणि शेवटची स्लाइड या दोन्ही आपापल्या जागी शाबूत असतात. म्हणजे जे बनवायला वेळ लागला, ते हातचं गेलेलं नाही. फक्त सूचना पुन्हा द्यायची आहे.

ती देताना एका फरकामुळे गोंधळ होतो. कीनोटमध्ये स्लाइडबदलाची सूचना ज्या स्लाइडवरून निघायचं तिच्यावर असते. पॉवरपॉइंटमध्ये ती ज्या स्लाइडवर पोहोचायचं तिच्यावर असते. आपला नकाशा चौथ्या स्लाइडवरून पाचव्यावर जाताना मोठा होतो. म्हणून कीनोटमध्ये सूचना चौथीवर होती, पॉवरपॉइंटमध्ये पाचवी निवडून `Transitions > Morph` द्यायचं आणि कालावधी कीनोटइतकाच ठेवायचा.

यानंतरही नकाशा मोठा न होता एक विरून दुसरा उमटला, तर पॉवरपॉइंटला दोन्ही स्लाइडवरचं चित्र एकच आहे हे ओळखता आलेलं नाही. ते सांगण्याची सोय आहे. `Home > Arrange > Selection Pane` उघडून चौथ्या आणि पाचव्या स्लाइडवरच्या नकाशाला एकच नाव द्यायचं, आणि त्या नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं लावायची, उदाहरणार्थ `!!map`. ही खूण असलेल्या समान नावांच्या वस्तूंची जोडी पॉवरपॉइंट लावतंच.

महाविद्यालयातलं पॉवरपॉइंट २०१३ किंवा त्याआधीचं असलं तर? `Morph`च्या सूचनेसोबतच फाइलमध्ये एक पर्यायी सूचना लिहिलेली असते: हा परिणाम ज्याला कळत नाही त्याने साधं विरणं दाखवावं. त्यामुळे जुन्या आवृत्तीत स्लाइड मोडत नाही, फक्त प्रवास दिसत नाही. तो प्रवास व्याख्यानाचा गाभाच असेल, तर कीनोटमध्ये `File > Export To > Movie` मधून चौथी ते सहावी एवढ्याच स्लाइडचा व्हिडिओ काढावा आणि एका स्लाइडवर ठेवावा. मग त्या भागात क्लिकसाठी थांबता येत नाही, म्हणून बोलण्याचा वेग आधी ठरवून कालावधी द्यावा लागतो. भूकंपाचा व्हिडिओही त्याच वेळी पाहून घ्यावा. मॅकवरचे काही `.mov` प्रकार विंडोजवर चालत नाहीत. H.264 पद्धतीचा `.mp4` दोन्हीकडे चालतो.

उलट दिशेने

पॉवरपॉइंटमधलं सादरीकरण कीनोटमध्ये उघडायचं असेल, तर तत्त्वं हीच, पण दोन गोष्टी आधी पॉवरपॉइंटमध्येच उरकाव्यात. एक, `SmartArt` आकृत्या. चौकटी आणि बाण आपोआप मांडणाऱ्या या आकृत्या पॉवरपॉइंटच्या खास आहेत. `SmartArt Design > Convert > Convert to Shapes` केलं की त्या साधे आकार होतात आणि कीनोट त्या तशाच उघडतं. दुसरी, फॉन्ट. ऑफिस नसलेल्या मॅकवर Calibri नसतो, आणि पॉवरपॉइंटने फाइलीत घातलेला फॉन्ट कीनोट वापरत नाही. तो फॉन्ट मॅकवर स्वतंत्रपणे बसवावा किंवा आधीच बदलावा. फाइल उघडल्यावर काय बदललं हे कीनोट एका सूचनेत सांगतं. ती बंद करण्याआधी वाचावी आणि तिच्यातल्या नोंदींप्रमाणे स्लाइड तपासाव्यात.

मूळ प्रत कोणती?

सगळं नीट झाल्यावर सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे फाइल पुन्हा पुन्हा इकडून तिकडे नेणं. शिक्षिकेने पॉवरपॉइंटमध्ये `Morph` लावला, मग एक आकडा सुधारायला तीच फाइल कीनोटमध्ये उघडली आणि पुन्हा पॉवरपॉइंटसाठी काढली, तर लावलेला `Morph`, दिलेली नावं, घातलेले फॉन्ट हे सगळं पुन्हा भाषांतरातून जातं आणि प्रत्येक फेरीत काहीतरी गळतं. म्हणून रूपांतर एकदाच आणि एकाच दिशेने करायचं. त्या क्षणापासून पॉवरपॉइंटची प्रत हीच मूळ प्रत मानायची आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्या तिच्यातच करायच्या. कीनोटची फाइल जपून ठेवायची, पण तिच्यात हात घालायचा नाही.

म्हणूनच रूपांतर आदल्या रात्रीसाठी ठेवता येत नाही. मजकूर पक्का झाला की लगेच ते करावं, म्हणजे विंडोजवर एकदा सगळं चालवून क्लिक मोजायला, ओळी पाहायला आणि नकाशाची नावं लावायला वेळ उरतो. पेनड्राइव्हवर पॉवरपॉइंटच्या फाइलीसोबत कीनोटमधून काढलेली पीडीएफही ठेवावी. ती काढताना प्रत्येक हालचालीचा टप्पा वेगळ्या पानावर छापण्याचा पर्याय निवडला, तर मुद्दे पानापानाने एकेक येतात आणि नदीचे दोन्ही तुकडेही आपापल्या पानावर दिसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच असतात, त्यामुळे पॉवरपॉइंटने ऐनवेळी दगा दिला तरी व्याख्यान त्याच क्रमाने पूर्ण करता येतं. गमावतात ते फक्त हालचाल आणि व्हिडिओ.